मान सावरण्यापासून सुरुवात

काखेत हात घालून उचललं की बाळ हातांतून निसटतंय असं वाटतं. उताणं झोपलेलं असताना त्याचे गुडघे दोन्हीकडे पडलेले असतात, दूध पिताना ते लवकर दमतं. घरातली माणसं म्हणतात, "अंगानं भरलं की करेल सगळं." डॉक्टर मात्र याला हायपोटोनिया, म्हणजे स्नायूंचा ताण कमी असणं, म्हणतात. हा स्वतंत्र आजार नाही, लक्षण आहे. त्याचं मूळ मेंदूत, नसांमध्ये किंवा खुद्द स्नायूंमध्ये असू शकतं. डाऊन सिंड्रोम, थायरॉइडची कमतरता, जन्माच्या वेळी मेंदूला कमी पडलेला ऑक्सिजन अशा अगदी वेगवेगळ्या कारणांनी बाळ असं ढिलं राहू शकतं.

समजा, एक मुलगी अपेक्षित तारखेच्या सहा आठवडे आधी जन्मली आणि आज साडेसात महिन्यांची आहे. तिची वाढ तपासताना ते सहा आठवडे वजा करायचे. अशी वजावट साधारण दोन वर्षांची होईपर्यंत करतात. म्हणजे हिशेबाला ती सहा महिन्यांची. या वयात दोन्ही हात धरून बसतं केलं, तर मान अंगाबरोबर पुढे यायला हवी. हिची मागे लोंबते. पालथी घातली की ती डोकं जेमतेम उचलते आणि रडते. वजावट करूनही उशीर आहे, तेव्हा थांबण्यात अर्थ नाही.

पहिली भेट बालरोगतज्ज्ञांची. ते गुडघ्यावर हातोडीनं हलकेच ठोकून प्रतिक्षेप पाहतील, थायरॉइड आणि स्नायूंशी संबंधित रक्ततपासण्या सांगतील, कान आणि डोळे तपासून घ्यायला लावतील. कारण सापडायला कधी कधी बरेच महिने लागतात. तोवर थेरपी अडवून ठेवायची गरज नसते, दोन्ही गोष्टी बरोबरीनं चालतात. खासगी उपचार परवडत नसतील तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वाट आहे. 2013 साली सुरू झालेल्या या कार्यक्रमातून अनेक जिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभी राहिली. आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेला विचारलं की जवळचं केंद्र कळतं.

थेरपिस्ट आधी बाळ काय करू शकतं ते पाहते आणि मग एकच छोटं उद्दिष्ट ठरवते. या मुलीसाठी ते असं: सहा आठवड्यांत कोपरांवर टेकून अर्धा मिनिट मान वर धरणं. सपाट जमिनीवर हे तिला जड जातं, म्हणून आई मागे रेलून बसते आणि तिला छातीवर पालथी घेते. उतारावर डोकं उचलायला कमी जोर लागतो, शिवाय समोर आईचा चेहरा असतो. जमू लागलं की आई हळूहळू आडवी होत जाते. पुढे सतरंजीवर, छातीखाली टॉवेलची गुंडाळी आणि खांद्यांखाली कोपरं. एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरतात, पण दिवसातून अनेकदा. हे फक्त जागेपणी, कुणीतरी जवळ असताना करायचं, झोपवायचं उताणंच.

बाकीची थेरपी रोजच्या उचल-ठेवीत मुरते. हात ओढून उठवण्याऐवजी आधी कुशीवर वळवून उचलायचं. कडेवर घेताना पाय फार फाकू द्यायचे नाहीत. हलक्या हाताच्या मालिशनं बाळाला बरं वाटतं, पण बळ येतं ते त्यानं स्वतः हालचाल केल्यावर. अशा बाळांचे सांधे सैल असतात, म्हणून न्हाऊ घालताना हातपाय जोरात ताणणं किंवा उलटं धरणं टाळावं. वॉकरही नको. त्यात शरीर नुसतं लोंबतं आणि तोल सावरायची सवयच लागत नाही.

फरक रोज दिसत नाही. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच स्थितीत लहानसा व्हिडिओ काढला तर तो कळतो. व्यायाम करताना बाळाचा चेहरा फिका पडला, धाप लागली किंवा ते गळून गेलं तर लगेच थांबायचं. काही खुणा मात्र थेट डॉक्टरकडे नेणाऱ्या आहेत: आधी येणारी गोष्ट येईनाशी होणं, झोपेतून उठल्यावर एकामागोमाग झटके येणं, दूध पिताना वारंवार ठसका लागणं, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं. चेहऱ्यानं चुणचुणीत पण हातपाय क्षीण असलेल्या बाळाच्या बाबतीत स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफीची शंका घेऊन जनुकीय तपासणी तातडीनं करावी लागते, कारण त्यावरची औषधं जितकी लवकर मिळतील तितका उपयोग जास्त.

थेरपी मूळ कारण घालवत नाही. थायरॉइड कमी असेल तर गोळीच द्यावी लागते. डाऊन सिंड्रोम असेल तर टप्पे उशिरानेच येतात. थेरपीनं साधतं ते एवढंच, की बाळाकडे जेवढी क्षमता आहे ती वापरात येते. सहा आठवड्यांनी आपली मुलगी दहा सेकंदच मान धरू लागली, तर थेरपिस्ट उतार पुन्हा वाढवेल. अर्धा मिनिट धरली, तर एका कोपरावर भार घेऊन दुसऱ्या हातानं खुळखुळा पकडणं हे पुढचं काम.