कालची चूक आजच्या चुकीत

समजा, लासलगावच्या कांद्याचा मासिक भाव आवकेवरून सांगणारं समीकरण आपण १२० महिन्यांच्या आकड्यांवर बसवलं. प्रत्यक्ष भाव आणि समीकरणाचा अंदाज यांत दर महिन्याला फरक उरतो, त्याला अवशेष म्हणतात. हे अवशेष सलग काही महिने वर आणि मग सलग काही महिने खाली राहिले, तर शंका घ्यायलाच हवी.

ती तपासायची रीत ब्रॉइश आणि गॉडफ्री यांनी १९७८ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. या महिन्याचा अवशेष डावीकडे ठेवायचा. उजवीकडे मागच्या महिन्याचा अवशेष आणि मूळची आवकही. आवक गाळू नये; समीकरणात मागचा भाव असेल तर ती गाळल्याने निकाल चुकतो. या साहाय्यक समीकरणाचा आर-वर्ग ०.२० आला, तर ११९ नोंदींनी गुणून २३.८ मिळतात. पाच टक्के पातळीची मर्यादा ३.८४ आहे, म्हणजे सहसंबंध असल्याचा सबळ पुरावा आहे. मासिक आकड्यांत बारा महिन्यांपर्यंतचे अवशेष घालून पाहावेत, कारण हंगाम तिथेच लपतो.

अशा वेळी आवकेचा गुणांक सहसा कलत नाही, पण त्याची प्रमाण त्रुटी बहुधा खोटी लहान दिसते. न्यूवी-वेस्ट पद्धत तेवढी त्रुटी दुरुस्त करते. कॉक्रन-ऑर्कट पद्धत आकड्यांतून मागच्या महिन्याचा ठरावीक हिस्सा वजा करते. माझ्या मते आधी समीकरणच तपासावं: हंगाम किंवा मागचा भाव सुटलेला असेल, तर तो घालून चाचणी पुन्हा करावी.