झूम बदलला की नेम का चुकतो

वरून दिसणाऱ्या नेमबाजीच्या गेममध्ये गोळी कर्सरच्या दिशेने सुटते. काही गेममध्ये मात्र कॅमेरा झूम झाला की ती भलतीकडेच जाते. दोष बहुधा बंदुकीच्या कोडमध्ये नसतो. माउसची जागा पडद्यावरच्या पिक्सेलमध्ये मिळते, तर खेळाडू आणि शत्रू गेमच्या जगातल्या एककांत असतात. झूम १ असताना एक पिक्सेल म्हणजे एक एकक, त्यामुळे ही गल्लत खपून जाते. झूम २ झाला की तेच एक एकक दोन पिक्सेल व्यापते.

गोडो ४ या गेम इंजिनातले उदाहरण घेऊ. खिडकी १२८० × ७२० पिक्सेलची, म्हणजे तिचा मध्य (६४०, ३६०). कॅमेऱ्याचा मध्य जगात (१०००, १०००) वर, झूम २ आणि कर्सर (८४०, ३६०) वर आहे. कर्सर मध्यापासून २०० पिक्सेल उजवीकडे, म्हणजे जगात १०० एकके दूर. खरा बिंदू (११००, १०००). झूमने भागायचे राहिले, तर कोड (१२००, १०००) हा बिंदू धरतो.

खेळाडू कॅमेऱ्याच्या अगदी मध्यावर असेल, तर अंतर चुकूनही दिशा बरोबरच राहते. म्हणून हा दोष चाचणीत सहज निसटतो. नकाशाच्या कडेला कॅमेरा थांबतो आणि खेळाडू मध्यावरून सरकतो, तेव्हा तो उघडा पडतो. खेळाडू (१०००, ११५०) वर असेल, तर नेमाचा खरा कोन आडव्या रेषेपासून सुमारे ५६ अंश, पण चुकीच्या बिंदूकडे तो ३७ अंश भरतो. एवढ्या फरकाने समोरचा शत्रू हमखास वाचतो.

दुरुस्ती एका भागाकाराची आहे:

```
world = cam + (mouse - center) / zoom
```

येथे `cam` म्हणजे कॅमेऱ्याचा त्या क्षणी पडद्यावर असलेला मध्य. कॅमेरा हळूहळू सरकत असेल, तर त्याच्या नोडची जागा आणि हा मध्य वेगळे असतात. खरा मध्य `get_screen_center_position()` देते. झूमही सावकाश बदलत असेल, तर शेवटी गाठायचा नव्हे, त्या क्षणाचा आकडा घ्यावा. त्यापेक्षा `get_global_mouse_position()` वापरणे अधिक सुरक्षित, कारण हे सारे रूपांतर इंजिनच करते.

कारण ओळखायला मोजलेल्या बिंदूवर एक लहान वर्तुळ काढावे. मध्यावर ते कर्सरशी जुळते आणि कडेकडे जाताना दुरावत जाते, तर झूम विसरला आहे. सगळीकडे सारखेच सरकलेले दिसले, तर कॅमेऱ्याचा मध्य चुकीचा घेतला आहे. माउस हलवताच वर्तुळ जागेवर येत असेल, तर बिंदू फक्त माउस हलल्यावर मोजला जात आहे. माउस स्थिर असतानाही झूममुळे कर्सरखालचे जग सरकते, म्हणून तो प्रत्येक फ्रेमला नव्याने मोजावा लागतो.

गोडो ३ मधून आणलेल्या कोडमध्ये आणखी एक अडचण येते. तिथे झूमचा आकडा वाढला की दृश्य दूर जात असे. गोडो ४ मध्ये ते जवळ येते. त्यामुळे जुन्या कोडमधला झूमचा गुणाकार इथे भागाकार करावा लागतो.