चार अंक, पण पेटतो एकच

लाल अंकांच्या डिजिटल घड्याळाचा किंवा दुकानातल्या वजनकाट्याचा भर उजेडात मोबाइलने फोटो काढला, तर बरेचदा काही अंक गायबच असतात. डोळ्यांना 12:38 स्वच्छ दिसत असते आणि फोटोत नुसता 3 उमटतो. भर उजेडात कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतेच उघडते, आणि तेवढ्या वेळात त्या डिस्प्लेवर खरोखरच एकच अंक पेटलेला असतो. चारही अंक एकदम दिसतात, ते आपल्या डोळ्यांना हा बदल टिपता येत नाही म्हणून.

अशी रचना करण्याचे कारण तारांच्या हिशेबात आहे. सेव्हन सेगमेंट डिस्प्लेचा एक अंक म्हणजे सात छोट्या एलईडी पट्ट्या आणि एक टिंब, असे आठ दिवे. चार अंकांचे झाले बत्तीस. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र तार द्यायची तर बत्तीस पिना लागतील. आर्डुइनो ऊनो या लोकप्रिय बोर्डावर तर सगळ्या मिळून वीसच पिना वापरता येतात. म्हणून चारही अंकांच्या सारख्या पट्ट्या एकमेकींना जोडतात. पट्ट्यांच्या आठ तारा सामाईक होतात आणि कोणता अंक चालू ठेवायचा हे ठरवायला प्रत्येकी एक, अशा आणखी चार. बारा पिनांत काम भागते. पहिल्या अंकाचा आकार तारांवर ठेवायचा, फक्त पहिला अंक चालू करायचा. मग दुसऱ्याचा आकार, दुसरा अंक. आणि चौथ्यानंतर पुन्हा पहिला. यालाच मल्टिप्लेक्सिंग म्हणतात.

ही फेरी किती वेगाने फिरवायची, हा पहिला कळीचा प्रश्न. प्रत्येक अंकाला ५ मिलिसेकंद दिले तर फेरी २० मिलिसेकंदांत पुरी होते, म्हणजे रिफ्रेश रेट ५० हर्ट्‌झ. समोरून टक लावून पाहिले तर हे कदाचित खपून जाईल. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहताना लुकलुक जाणवते, कारण दृष्टीचा कडेचा भाग अशा लुकलुकीला जास्त संवेदनशील असतो. नजर झटकन एका बाजूकडून दुसरीकडे नेली तर अंक विस्कटल्यासारखेही दिसतात. अंकाला २ मिलिसेकंद दिले की फेरी ८ मिलिसेकंदांची होते आणि रिफ्रेश रेट १२५ हर्ट्‌झवर जातो. घरातल्या घड्याळाला तेवढा पुरतो.

यात उजेडाची किंमत मोजावी लागते. चार अंकांच्या डिस्प्लेत प्रत्येक अंक एकूण वेळेच्या पाव भागच पेटतो. पाच व्होल्टवर २२० ओहमचा रोधक लावला तर लाल पट्टीतून सुमारे १२ मिलिअँपिअर प्रवाह जातो, पण सरासरी निघते ती ३ मिलिअँपिअरची. उलट आठही दिवे लागलेल्या अंकाच्या सामाईक टोकातून त्या क्षणी शंभराच्या आसपास मिलिअँपिअर वाहतात. ऊनोच्या एका पिनेची कमाल मर्यादा ४० आहे, त्यामुळे प्रत्येक अंकासाठी एक ट्रान्झिस्टर लावावाच लागतो. शिवाय रोधक पट्ट्यांच्या तारांवरच हवेत. ते वाचवण्यासाठी अंकाच्या सामाईक तारेवर एकच रोधक टाकला, तर दोन पट्ट्यांचा 1 झगझगीत आणि सात पट्ट्यांचा 8 मंद दिसतो.

वेग जमला तरी दुसरी अडचण उरते. 12:38 दाखवताना 1 च्या आसपासच्या, अंधाऱ्या राहायला हव्या अशा पट्ट्यांवर पुसट 2 उमटलेला दिसतो. याला घोस्टिंग म्हणतात. आधीचा अंक पूर्ण विझण्यापूर्वीच तारांवर पुढच्या अंकाचा आकार आला, की तो तेवढ्यापुरता चुकीच्या जागी पेटतो. ऊनोवर digitalWrite या आज्ञेने एक पिन बदलायला सुमारे ४ मायक्रोसेकंद लागतात. अंक चालू असतानाच आठ पट्ट्या एकामागून एक बदलल्या तर तीसेक मायक्रोसेकंद सरमिसळीत जातात. अंकाच्या २,००० मायक्रोसेकंदांपैकी हा जेमतेम दीड टक्का, पण काळ्या पार्श्वभूमीवर डोळा तोही टिपतो. आज्ञांचा क्रम बरोबर असला, तरी पूर्ण चालू असलेल्या ट्रान्झिस्टरला बंद व्हायला क्षणभर लागतोच.

यावरचा उपाय म्हणजे ब्लँकिंग: दोन अंकांच्या मध्ये सगळेच विझवून छोटी अंधारी फट ठेवायची.

```
ISR(TIMER2_COMPA_vect) {
  PORTD = 0;
  PORTB &= 0xF0;
  n = (n + 1) & 3;
  _delay_us(20);
  PORTD = pattern[n];
  PORTB |= (1 << n);
}
```

आधी पट्ट्या बंद, मग अंक बंद, वीस मायक्रोसेकंद शांतता, नंतर नवा आकार आणि सर्वांत शेवटी नवा अंक चालू. या फटीने उजेड अवघा एक टक्का घटतो. मात्र हाच हिशेब वेगालाही लगाम घालतो. जास्त वेग म्हणजे जास्त चांगले असे समजून अंकाला १०० मायक्रोसेकंदच दिले, तर तीच फट उजेडाचा पाचवा हिस्सा खाऊन टाकते. फट नसेल तर तेवढीच सरमिसळ कितीतरी ठळक दिसू लागते.

हे काम टायमरच्या इंटरप्टवर सोपवण्यालाही कारण आहे. डीएस१८बी२० या तापमान सेन्सरला सर्वाधिक अचूक मोजणीसाठी ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. मुख्य प्रोग्रॅमच फेरी फिरवत असेल आणि तो सेन्सरसाठी थांबला, तर तेवढा वेळ एकच अंक पेटून राहतो व बाकीचे काळे पडतात. उजेड भरून काढण्यासाठी प्रवाह बराच वाढवलेला असेल, तर प्रोग्रॅम कायमचा अडकल्यावर त्या अंकाच्या पट्ट्या खराबही होऊ शकतात.

अंक रिकामा ठेवण्याची आणखी एक वेळ रोज येते. सकाळचे 09:05 वाजले की पुढचे शून्य नको असते. मग त्या अंकाची पाळीच वगळावी, असे कुणालाही वाटेल. पण तसे केले तर फेरी तिघांत वाटली जाते आणि प्रत्येकाला २५ ऐवजी ३३ टक्के वेळ मिळतो. नऊ वाजता घड्याळ उजळ दिसेल आणि दहाला मंद होईल. म्हणून रिकाम्या अंकालाही त्याची पाळी द्यायची, फक्त आकार शून्य ठेवायचा. आठ अंकांपर्यंतची फेरी स्वतःच फिरवणाऱ्या मॅक्स ७२१९ या चिपच्या माहितीपत्रकातही, अंकांची संख्या ठरवणारी सोय पुढची शून्ये लपवायला वापरू नये, अशी स्पष्ट सूचना आहे.

घड्याळ डब्यात बंद करण्यापूर्वी एक चाचणी जरूर करावी. खोलीत अंधार करून फक्त दुसऱ्या जागी 8 दाखवावा आणि बाकीचे तीन अंक रिकामे ठेवावेत. फेरी डावीकडून उजवीकडे फिरत असेल आणि पहिल्या जागी पुसट 8 दिसला, तर आधीचा अंक उशिरा विझतो आहे. तिसऱ्या जागी दिसला, तर जुना आकार तारांवरून हटण्याआधीच नवा अंक चालू होतो आहे. दोन्हीकडे पूर्ण काळोख असेल, तरच झाकण लावावे.