आवक दहा वॉट, जावक पाच वॉट

मॅच सुरू होताना बॅटरी ३० टक्के होती. फोन चार्जरला लावला आणि पहिली इनिंग संपेपर्यंत पाहत राहिलो. इनिंग संपली तेव्हा आकडा जेमतेम साठीच्या आसपास होता. तोच फोन तेवढाच वेळ गुपचूप पडून राहिला असता तर जवळजवळ भरलाच असता. मुलं गेम खेळत असतील तर आकडा याहूनही हळू सरकतो, आणि कधीकधी तर चार्जिंगची खूण दिसत असतानाच टक्के उतरत जातात. अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर येतो, दुसरा चार्जरवर. कितीतरी घरांत यावरून नवी बॅटरी टाकली जाते आणि महिन्याभरात तक्रार तशीच उभी राहते. दोष बहुतेक वेळा या दोघांपैकी कुणाचाच नसतो. आवक आणि जावक यांचा हिशोब मांडला की सगळं उलगडतं, आणि तो मांडायला शाळेतला गुणाकार पुरतो.

चार्जरवर बारीक अक्षरांत ५ व्होल्ट, २ अँपिअर असं काहीतरी छापलेलं असतं. या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे वॉट, म्हणजे इथे १०. हा चार्जर जास्तीत जास्त १० वॉटच्या वेगाने ऊर्जा देऊ शकतो. ९ व्होल्ट आणि २ अँपिअर लिहिलं असेल तर १८ वॉट. आता बॅटरी. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये ५००० एमएएचची बॅटरी असते. तिचा सरासरी व्होल्टेज ३.८५च्या आसपास धरला तर तिच्यात सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा मावते. विजेच्या बिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास, तेव्हा एका युनिटात अशा पन्नासएक बॅटऱ्या भरतील. बॅटरीत मावते ती ऊर्जा अशी थोडीच असते, म्हणूनच दोन-चार वॉट इकडेतिकडे झाले तरी फरक लगेच डोळ्यांत भरतो.

चार्जरकडून आलेली वीज थेट बॅटरीत जाते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात फोनच्या आत चार्जिंगची एक चिप बसलेली असते आणि आलेली वीज आधी तिच्या हाती पडते. स्क्रीन, प्रोसेसर, नेटवर्क यांना त्या क्षणी लागते तेवढी वीज ही चिप आधी देते आणि उरलेली बॅटरीकडे सोडते. पगार झाल्यावर घरखर्च आधी भागवायचा आणि शिल्लक राहील ती बँकेत टाकायची, तशी ही रीत आहे. खर्च पगारापेक्षा जास्त झाला की शिलकीला हात घालावा लागतो, आणि फोनही तेच करतो. चार्जर कमी पडला की उरलेली वीज तो बॅटरीतून घेतो. चार्जर लावलेला असतानाही टक्के उतरतात ते यामुळे.

खर्च किती होतो ते पाहू. स्क्रीन बंद करून ठेवलेला फोन वॉटचा लहानसा अंशच वापरतो, तो सोडून दिला तरी चालेल. वायफायवर व्हिडिओ पाहताना साधारण दीड-दोन वॉट लागतात. उन्हात स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवला आणि अशक्त सिग्नलवर मोबाइल डेटा वापरला तर आणखी चढतात, कारण टॉवर लांब असला की फोनला आपला आवाज वाढवून बोलावं लागतं. थ्रीडी ग्राफिक्सचे भारी गेम चार-पाच वॉट सहज खातात. फोन आणि गेमनुसार हे आकडे मागेपुढे होतात, पण अंदाज बांधायला पुरेसे आहेत.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. फोन ५००० एमएएचचा, चार्जर १० वॉटचा, बॅटरी २० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर न्यायची आहे. म्हणजे निम्मी बॅटरी, साडेनऊ वॉट-तास. दहा वॉटपैकी साधारण एक वॉट केबलमध्ये आणि फोनमधल्या रूपांतरात उष्णता होऊन जातो, हाती नऊ राहतात. स्क्रीन बंद असेल तर हे नऊच्या नऊ बॅटरीला मिळतात आणि काम तासाभरात होतं. व्हिडिओ चालू असेल तर दोन वॉट तिकडे जातात, सात उरतात, एक तास वीस मिनिटं लागतात. हे सहन होण्यासारखं आहे. पाच वॉट खाणारा गेम लावला की बॅटरीच्या वाट्याला चारच वॉट येतात आणि तेच काम दोन तास वीस मिनिटांवर जातं. चार्जर तोच, केबल तीच, बॅटरीही तीच.

आता हाच फोन जुन्या लॅपटॉपच्या साध्या यूएसबी पोर्टला लावा. तिथे ५ व्होल्टला अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॉट. थोडे वाटेत गेले की सव्वादोन उरतात. व्हिडिओ चालू असेल तर बॅटरीला जवळपास काहीच मिळत नाही आणि आकडा तासभर हलत नाही. गेम लावला तर पावणेतीन वॉटचा तुटवडा पडतो आणि साधारण दर चार मिनिटांना एक टक्का उतरतो. कोपऱ्यात विजेची खूण मात्र दिसत राहते, कारण ती खूण ‘चार्जर जोडलेला आहे’ एवढंच सांगते, बॅटरी भरते आहे की नाही हे सांगत नाही. गाडीतल्या किंवा बसमधल्या कमी ताकदीच्या पोर्टवर हीच गत होते. दिवसभर नकाशा चालू ठेवणारे टॅक्सीवाले आणि डिलिव्हरीची मुलं हे रोज भोगतात: उजेड पूर्ण, जीपीएस चालू, डेटा चालू, आणि पोर्ट दुबळा.

यावर कुणी म्हणेल, माझा चार्जर ६७ वॉटचा आहे, त्यातून गेमचे पाच वॉट गेले तर काय बिघडलं? वजाबाकीपुरतं हे बरोबर आहे, पण इथे उष्णता आडवी येते. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा सर्वसाधारण दंडक आहे, म्हणून फोन त्याच्या बराच आधीपासून हात आखडता घेतो. गेममध्ये प्रोसेसर तापतो, स्क्रीन तापते, आणि चार्जिंगमुळे बॅटरी स्वतःही तापते. ही सगळी उष्णता त्या एका चपट्या डबीत कोंडते, वर जाड कव्हर असतं. अनेक कंपन्यांनी तर स्क्रीन चालू झाली की चार्जिंगचा वेग आपणहून उतरवण्याचीच सोय केलेली आहे. म्हणजे मोठ्या चार्जरच्या बाबतीत खर्चापेक्षा आवकच जास्त कापली जाते. खोक्यावरचे ६७ वॉट हा वरचा टप्पा असतो. थंड आणि बऱ्यापैकी रिकाम्या बॅटरीला ते मिळतात, तेही थोडा वेळ. फोनचा हा सावधपणा मला योग्यच वाटतो, कारण तापलेल्या अवस्थेत जोरात भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.

बॅटरी भरत आली, म्हणजे ८०-८५ टक्क्यांच्या पुढे गेली, की चित्र पुन्हा बदलतं. तिथे फोन मुळातच कमी वीज बॅटरीत सोडतो. चार्जरकडे बरीच ताकद रिकामी उरते आणि व्हिडिओचा खर्च त्यातूनच भागतो, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात फोन वापरल्याने वेगात फारसा फरक पडत नाही. नुकसान होतं ते खालच्या आणि मधल्या टप्प्यात.

हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं. चार्जर आणि केबल यांच्यामध्ये बसणारं छोटं यूएसबी मीटर मिळतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत ते सहज सापडेल. त्यावर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. शिवाय बॅटरीत किती मिलीअँपिअर जात आहेत हे दाखवणारी फुकट अ‍ॅप अँड्रॉइडवर आहेत. दोन्ही एकदम पाहायला हवीत, खरी गंमत त्यात आहे. आपल्या उदाहरणातला फोन स्क्रीनचा उजेड कमी करून टेबलावर ठेवला की मीटर ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या आसपास दाखवतं आणि अ‍ॅपमध्ये बॅटरीकडे दोन हजारांच्या आसपास मिलीअँपिअर जाताना दिसतात. गेम लावून थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं तर मीटरचा आकडा जवळपास तिथेच असतो, पण अ‍ॅपमधला हजारापर्यंत घसरलेला असतो. चार्जरने हात आखडलेला नाही, मधल्या मध्ये फोनने खाल्लं, हे असं उघड दिसतं. अ‍ॅपमधल्या आकड्यापुढे उणे चिन्ह दिसलं तर मात्र दचकू नका. काही फोन आत येणारी वीज उणे दाखवतात, काही बाहेर जाणारी. चार्जर काढून चिन्ह कसं बदलतं ते एकदा पाहून ठेवा.

मीटरचा आकडाच कमी दिसला तर गोष्ट वेगळी. मग दोष केबलचा, चार्जरचा किंवा फोनच्या पिनमध्ये साठलेल्या धुळीचा. लांब आणि बारीक तारेच्या स्वस्त केबलमध्ये वाटेतच व्होल्टेज पडतो. ते पाहून फोन आपणहून कमी अँपिअर ओढतो, म्हणून २ अँपिअरच्या जागी एक किंवा त्याहून कमी दिसतो. केबल बदलून लगेच खात्री करता येते.

खेळायचंच असेल आणि प्लगजवळच बसायचं असेल, तर काही फोनमध्ये बॅटरीला मध्ये न घेता चार्जरच्या विजेवरच गेम चालवण्याची सोय असते. तिला बायपास चार्जिंग म्हणतात. सॅमसंगच्या काही फोनमध्ये ती गेमच्या सेटिंगमध्ये Pause USB Power Delivery या नावाने सापडते. त्यात बॅटरी भरत नाही, पण तापतही कमी. ही सोय नसेल तर कव्हर काढा, उजेड उतरवा, डेटाऐवजी वायफाय घ्या. यातून वॉट-दीड वॉट वाचतो, आणि छोट्या चार्जरवर तेवढ्यानेही फरक पडतो.

बॅटरी बदलायला दुकानात जाण्यापूर्वी एक चाचणी घरीच करा. फोन २०-३० टक्क्यांवर असताना १० वॉटच्या चार्जरला लावा, स्क्रीन बंद करा आणि वीस मिनिटं हात लावू नका. ५००० एमएएचच्या बॅटरीत तेवढ्या वेळात १५ टक्क्यांच्या आसपास भर पडायला हवी. पडली तर चार्जर, केबल आणि बॅटरी तिन्ही ठीक आहेत, खर्च फक्त स्क्रीनचा आहे, पैसे घालवू नका. निम्मीच पडली तर आधी केबल बदलून पाहा. ती सगळ्यांत स्वस्त आहे, आणि बहुतेक वेळा गुन्हेगारही तीच निघते.