दहावा घात बरोबर, चौथं मूळ चूक

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असे फोटो रोज पडतात: वहीचं अर्धं पान, कोपऱ्यात अंगठ्याची सावली आणि खाली ‘कुणाला येतंय का?’ असा प्रश्न. नमुन्यादाखल त्यातलं एक गणित घेऊ. −१ + √३ i या संख्येचा दहावा घात काढायचा आहे आणि तिची चौथी मुळंही.

पहिली अडचण गणिताची नाही, फोटोची आहे. वर्गमूळाच्या चिन्हाची आडवी रेघ ३ वर संपते की i वरूनही जाते, ते पुसट दिसतं. पण १ आणि √३ ही जोडी ओळखीची आहे. काटकोन त्रिकोणाच्या बाजू १ आणि √३ असल्या की कर्ण २ येतो आणि कोन ३० व ६० अंशांचे. रेघ i वरूनही गेली, तर कोन वेडावाकडा येतो. म्हणजे i बाहेरच असणार.

आता आलेख. i म्हणजे जिचा वर्ग −१ येतो ती संख्या. ती उभ्या अक्षावर मोजायची, साध्या संख्या आडव्या अक्षावर. आपली संख्या शून्यापासून एक घर डावीकडे आणि √३, म्हणजे सुमारे १.७३ घरं वर आहे. शून्यापासूनचं तिचं अंतर २. हा तिचा मापांक. उजव्या आडव्या अक्षापासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजलेला कोन १२० अंश, हा कोनांक. ‘अंतर २, कोन १२०’ एवढ्यात संख्या पूर्ण सांगून झाली. यालाच ध्रुवीय रूप म्हणतात.

या रूपात गुणाकार फार सोपा होतो: अंतरांचा गुणाकार करायचा, कोनांची बेरीज. कॅस्पर वेसेल या भूमापकाने १७९७मध्ये डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीपुढे हे चित्र मांडलं. घातांचा नियम मात्र त्याआधीचा. तो फ्रान्स सोडून लंडनमध्ये स्थायिक झालेल्या अब्राहम द म्वाव्रच्या नावाने ओळखला जातो. दहावा घात म्हणजे अंतराचा दहावा घात आणि कोनाची दहापट.

म्हणून अंतर १०२४ आणि कोन १२०० अंश. त्यातून ३६० चे तीन पूर्ण फेरे वजा केले की उरतात १२०. उत्तर: −५१२ + ५१२√३ i.

ग्रुपवर एकाने हेच उत्तर टाकलं, असं समजू. पण त्याच्या वहीत कोन १२० नव्हे, −६० आहे. कॅल्क्युलेटरवर √३ भागिले −१ करून tan⁻¹ दाबलं की −६० च येतं. या कळीला फक्त भागाकार कळतो. वजाचं चिन्ह वरच्या संख्येचं की खालच्या, हे कळत नाही. त्यामुळे डावीकडे वर असलेला बिंदू तिला उजवीकडे खाली दिसतो, म्हणजे बरोबर १८० अंश फिरलेला.

मग उत्तर बरोबर कसं आलं? १८० ची ही चूक दहा वेळा मोजली गेली, म्हणजे १८०० अंश, म्हणजे पूर्ण पाच फेरे. घात सम असला की चूक अशी गडप होते. नववा घात विचारला असता, तर उत्तराचं चिन्ह उलटलं असतं.

चौथ्या मुळांत मात्र ती लपत नाही. मूळ काढताना अंतराचं चौथं मूळ घ्यायचं, ते सुमारे १.१८९, आणि कोनाला चारने भागायचं. १२० अंशांची दिशा आणखी एकेक फेरा मारून ४८०, ८४० आणि १२०० अशीही सांगता येते. त्या सगळ्यांना चारने भागलं की ३०, १२०, २१० आणि ३०० मिळतात. पुढचा १५६० घेतला तर ३९० येतो, म्हणजे पुन्हा ३०. म्हणून मुळं चारच, आणि आलेखावर ती एका चौरसाचे चार कोपरे होतात.

−६० पासून निघालेल्याला −१५, ७५, १६५ आणि २५५ मिळतात. तोही चौरसच, फक्त ४५ अंश फिरलेला. चारही मुळांची बेरीज शून्य यावी, ही नेहमीची परीक्षासुद्धा तो पास होतो. चूक पकडायला एखादं मूळ परत चौथ्या घातापर्यंत न्यावं लागतं.

३० अंशांचं मूळ साधारण १.०३० + ०.५९५ i. त्याचा वर्ग सुमारे ०.७०७ + १.२२५ i, आणि त्याचा पुन्हा वर्ग केला की −१ + १.७३२ i. हीच फोटोतली संख्या. ७५ अंशांच्या मुळाचा चौथा घात मात्र ३०० अंशांवर जातो आणि १ − १.७३२ i हाती येते. आकडे तेच, चिन्हं दोन्ही उलटी.

हे टाळायला कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी वहीत दोन अक्ष काढून बिंदू ठेवला तरी पुरतं. बिंदू डाव्या अर्ध्यात असेल, तर tan⁻¹ ने दिलेल्या कोनात १८० मिळवायचे: −६० अधिक १८०, बरोबर १२०.