गांजा: शिक्षा, विक्री आणि औषध

उरुग्वे हा दक्षिण अमेरिकेतला सुमारे 35 लाख वस्तीचा छोटा देश. तिथल्या काही औषधांच्या दुकानांत 19 जुलै 2017 पासून गांजा विकत मिळू लागला. ही बातमी आपल्याकडे आली तेव्हा बऱ्याच जणांनी अर्थ काढला की गांजा आता औषध ठरला. प्रत्यक्षात त्या दुकानात मिळणाऱ्या पाकिटावर कोणत्याही आजाराचं नाव नसतं, डॉक्टरची चिठ्ठी कोणी मागत नाही आणि किती घ्यावा हेही कोणी सांगत नाही. तो नशेसाठीच विकला जाणारा गांजा आहे. सरकारला देखरेखीखाली विक्री करायची होती आणि त्यासाठी औषधांचं दुकान सोयीचं वाटलं, एवढंच.

अमली पदार्थांबद्दलच्या बातम्या वाचताना तीन वेगळे निर्णय आपण एकाच पोत्यात भरतो. जवळ बाळगणाऱ्याला तुरुंगात टाकायचं का, हा एक. तो पदार्थ पिकवायला आणि विकायला परवाना द्यायचा का, हा दुसरा. आणि अमुक आजारावर अमुक मात्रेत तो उपयोगी पडतो का, हा तिसरा. पहिल्याचा संबंध पोलीस आणि कोर्टाशी, दुसऱ्याचा परवाना देणाऱ्या खात्याशी, तिसऱ्याचा औषध नियामकाशी. एकाचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून बाकीच्या दोघांचं तसंच येत नाही.

उरुग्वेतच हे स्पष्ट दिसतं. स्वतःपुरता थोडासा अमली पदार्थ जवळ असेल तर शिक्षा नाही, अशी तरतूद तिथे 1974 सालीच झाली होती. याला डिक्रिमिनलायझेशन म्हणतात, म्हणजे वापरणाऱ्याला फौजदारी शिक्षेतून वगळणं. पण तो माणूस गांजा आणणार कुठून? पिकवणं गुन्हा, विकणं गुन्हा. त्यामुळे जवळपास 40 वर्षं गिऱ्हाईक सुटत होतं आणि माल मात्र चोरट्या बाजारातूनच येत होता. त्यात काय मिसळलंय, किती जोरकस आहे, हे कुणालाच ठाऊक नसे. शिवाय ‘थोडासा’ म्हणजे किती, हे कायद्यात लिहिलेलंच नव्हतं. ते न्यायाधीश ठरवत. साहजिकच, एका कोर्टात सुटणारा माणूस दुसऱ्या कोर्टात अडकू शकत होता.

पोर्तुगालने 2001 साली हाच मार्ग जास्त नीटपणे आखला. तिथे साधारण 10 दिवस पुरेल इतक्या मालाची मर्यादा धरली. गांजासाठी ती 25 ग्रॅम, हेरॉइनसाठी 1 ग्रॅम. एवढा माल सापडला तर पोलीस तो जप्त करतात, पण खटला भरत नाहीत. त्या माणसाला तिघांच्या समितीपुढे जावं लागतं. समितीत कायदा, आरोग्य, समाजकार्य अशा क्षेत्रांतली माणसं असतात. ती त्याच्याशी बोलतात, व्यसन जडलं असेल तर उपचारांकडे वळवतात, प्रसंगी दंडही करतात. विकणाऱ्याला मात्र आजही तुरुंगच. म्हणून ‘पोर्तुगालमध्ये ड्रग्ज कायदेशीर आहेत’ हे वाक्य कुठे वाचलंत तर ते चूक आहे असं खुशाल समजा.

उरुग्वेने पुढचं पाऊल डिसेंबर 2013 मध्ये उचललं. होसे मुहिका राष्ट्राध्यक्ष असताना गांजाची लागवड आणि विक्री कायद्याच्या चौकटीत आणली गेली. हे झालं कायदेशीर करणं. पण कायदेशीर म्हणजे मोकाट नव्हे. गिऱ्हाईक 18 वर्षांवरचं आणि त्या देशाचं रहिवासी हवं, सरकारकडे त्याची नोंद हवी. घरी झाडं लावायची, क्लबचं सदस्य व्हायचं की दुकानातून घ्यायचं, यांतला एकच पर्याय निवडता येतो. दुकानात अंगठ्याचा ठसा जुळल्यावरच पाकीट मिळतं, तेही महिन्याला 40 ग्रॅमपर्यंतच. जाहिरातीला बंदी आहे. एवढं करूनही अडचण आली ती बँकांची. अमेरिकी कायद्यात गांजाचा पैसा बेकायदा असल्याने बँकांनी या दुकानांची खाती बंद करण्याचा इशारा दिला. मग काही दुकानांनी विक्री सोडली, काहींनी फक्त रोखीने सुरू ठेवली.

आता तिसरा प्रश्न. ‘ड्रावे सिंड्रोम’ नावाचा अपस्माराचा एक दुर्मीळ, चिवट प्रकार लहान मुलांना होतो. नेहमीच्या गोळ्यांना तो दाद देत नाही. गांजाच्या झाडात कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी, नावाचं एक द्रव्य असतं. त्याने नशा चढत नाही. ते शुद्ध करून 120 मुला-तरुणांवर चाचणी झाली. काहींना खरं औषध, काहींना तसंच दिसणारं बिनऔषधी द्रावण दिलं. औषध मिळालेल्या गटात महिन्याचे मोठे झटके मध्यमानाने साधारण 12 वरून 6 वर आले. दुसऱ्या गटात फारसा फरक पडला नाही. अशा चाचण्यांच्या आधारावर अमेरिकेच्या औषध नियामकाने जून 2018 मध्ये ‘एपिडायोलेक्स’ या औषधाला मंजुरी दिली.

ही मंजुरी किती नेमकी असते ते पाहा. बाटलीतल्या दर मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम सीबीडी. 15 किलो वजनाच्या मुलाला सुरुवातीला दर किलोमागे अडीच मिलिग्रॅम, म्हणजे 37.5 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. द्रावणाच्या मापात हे पाव मिलिलिटरहून थोडं जास्त, अर्ध्याहून कमी. आठवड्याने ही मात्रा दुप्पट. औषध सुरू करण्याआधी आणि नंतरही यकृताची तपासणी करावी लागते, कारण विशेषतः व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलांत यकृताला त्रास होऊ शकतो. क्लोबाझाम चालू असेल तर गुंगी वाढते. मंजुरी मिळाली ती या बाटलीला, या आजारांसाठी, या मात्रेला. गांजाच्या झाडाला नव्हे. त्या दिवशीही अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गांजा ओढणं गुन्हाच होता.

औषध आहे पण खुलं नाही, याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे मॉर्फिन. कर्करोगाच्या असह्य वेदनांवर ते रोज वापरलं जातं, आणि तेच विनाचिठ्ठी बाळगणं हा 1985 च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे. त्या कायद्याच्या धाकाने आणि परवान्यांच्या जंजाळाने कितीतरी इस्पितळं मॉर्फिन ठेवायलाच तयार नसत. रुग्ण कळवळत राहत. 2014 च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांसाठी वाट सोपी केली. शिक्षेचा कायदा आणि औषधाचा कायदा यांची गल्लत झाली की किंमत वेदनेत तळमळणारा रुग्ण मोजतो, हे मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

भांगेची गोष्ट आणखी वेगळी. एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. शेंडे सोबत नसतील तर पानं त्या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे भांग राज्यांवर सोपवली गेली. काही राज्यांत तिची परवानाधारक दुकानं आहेत, महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे विनापरवाना भांग चालत नाही. गांजाचं सेवन देशभर गुन्हाच आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

याच पानांपासून बनवलेली ‘विजया’ नावाची तेलं आयुर्वेदिक परवान्यावर बाजारात मिळतात. परदेशातल्या मंजुरीची बातमी वाचून घरातल्या अपस्माराच्या रुग्णाला ती देण्याचा मोह होऊ शकतो. एपिडायोलेक्सच्या चाचण्या या तेलांवर झालेल्या नाहीत आणि त्यांतली मात्राही तीच नसते. तेव्हा चालू गोळ्या बंद करू नका, आणि असं काही द्यायचंच मनात असेल तर बाटली घेऊन आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा.