बाबा पडले, रजा हवी

रविवारी रात्री सांगलीच्या एसटीत बसलेल्या एका अकाउंटंटने मोबाइलवर एवढंच टिपलं होतं: बाबा पडले, खुब्याचं हाड मोडलं, उद्या ऑपरेशन, भाऊ दुबईत, शुक्रवारपर्यंत रजा, जीएसटी 20 ला. घरच्यांसाठी हा क्रम बरोबर, पण साहेबांना आधी तारखा हव्या असतात. म्हणून मेलच्या विषयातच लिहायचं, ‘तातडीची रजा: 16 ते 20 जून’. मग मजकूर:

‘सर, नमस्कार. वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं असून उद्या सांगलीत ऑपरेशन आहे. 16 ते 20 जून रजा मिळावी, ही विनंती. जीएसटी रिटर्नचे आकडे फोल्डरमध्ये तयार आहेत. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमशी बोललो आहे, त्या 20 तारखेआधी भरतील. संध्याकाळी सहानंतर फोनवर बोलू शकेन. रजा वाढवावी लागली तर गुरुवारी कळवतो.’

दुबईचा भाऊ गळाला, कारण त्याचा खुलासा कुणी मागितलेला नाही. मॅडमना मात्र आधी खरंच फोन करायला हवा, नाहीतर ते वाक्य अंगाशी येतं. आणि गुरुवारचा वायदा हवाच: खुब्याच्या ऑपरेशननंतर वडील पाच दिवसांत आपले आपण उठतील, असं छातीठोक कोण सांगणार?